व्यापाऱ्याला तुमचं नाव माहीत आहे का?

पैसे अडकले की अडत्याचं एक ठरलेलं उत्तर असतं, "पुढच्या व्यापाऱ्यानं दिले नाहीत, मी कुठून देऊ?" मग शेतकऱ्यानं पैसे मागायचे कुणाकडे? अडत्या माल आपल्या वतीनं विकतो, पण बऱ्याचदा बिल स्वतःच्या नावानं करतो. खरी गोम तिथंच आहे.

समजा, ४० क्विंटल कांदा १५०० रुपयांनी गेला, म्हणजे ६०,००० रुपये. अडत्यानं तो परराज्यातल्या व्यापाऱ्याला स्वतःचाच माल म्हणून पाठवला. त्याच व्यापाऱ्याचे अडत्याकडे जुने २०,००० रुपये येणे होते. व्यापारी म्हणतो, "ते वळते करून ४०,००० च देईन."

१८७२ च्या भारतीय करार कायद्यात याची सोय आहे. कलम २३१ प्रमाणे मालाचा खरा धनी मागाहून पुढे येऊन व्यापाऱ्याकडे थेट पैसे मागू शकतो, दावाही लावू शकतो. पण अडत्या दुसऱ्याचा माल विकतोय हे व्यापाऱ्याला माहीत नव्हतं, तशी शंका यायला कारणही नव्हतं, तर कलम २३२ प्रमाणे त्यांचा आपसातला हिशेब आपल्याला सोसावा लागतो. म्हणजे व्यापाऱ्याकडून ४०,००० मिळतील, उरलेले २०,००० अडत्याकडे मागायचे. अडत्या बुडाला असेल तर ते गेलेच म्हणायचे.

व्यापाऱ्याला हे ठाऊक असेल, तर त्याला ती वजावट करता येत नाही. बाजार समितीच्या लिलावात माल शेतकऱ्याचा आहे हे सगळ्यांनाच दिसतं. बाहेर पाठवलेल्या मालाचं तसं नसतं. म्हणून बिलावर "अमुक शेतकऱ्याच्या वतीने" एवढं लिहून घ्याच.

आता अडत्याची बाजू. धन्याचं नाव सांगितलं नसेल तर कलम २३० प्रमाणे तो स्वतः करारानं बांधला गेला असं धरतात. त्यामुळे व्यापाऱ्यावर तो स्वतःच्या नावानंही दावा लावू शकतो. "माझ्या हातात काही नाही" हे त्याचं म्हणणं मग खरं नाही.

पण व्यापारी बुडाला तर? तेव्हा साधा अडत्या आपल्याला खिशातून पैसे देणं लागत नाही. जादा अडत घेऊन उधारीची हमी घेणारा मात्र लागतो, त्याला कायद्याच्या भाषेत डेल क्रेडेरे एजंट म्हणतात. त्याची हमी पैसे बुडण्यापुरतीच असते. कांदा सडका निघाला म्हणून व्यापाऱ्यानं पैसे कापले, तर ते भांडण आपलं.

माझं म्हणणं एवढंच, उधारीवर माल बाहेर जाणार असेल तर "व्यापाऱ्याने न दिल्यास मी देईन" हे वाक्य अडत्याच्या सहीनिशी घ्या. ते लिहून देत नसेल, तर रोखीनं घेणाऱ्याला दोन पैसे कमी भावानं दिलेलं बरं.