कुलूप मजबूत आहे, पण दार कुणाचं?

दोन अनोळखी माणसांना गुप्त बोलायचं असेल, तर आधी कुठेतरी भेटून परवलीचा शब्द ठरवावाच लागेल, असं शतकानुशतकं मानलं गेलं. 1976 साली व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी ही समजूत मोडली.

युक्ती छोट्या आकड्यांत करून पाहू. सोलापूरची सलमा आणि नागपूरचा विनय यांची ओळख नाही. 5 आणि 23 हे दोन आकडे सगळ्या जगाला माहीत आहेत. सलमा मनात 3 धरते. 5 चा तिसरा घात 125, त्याला 23 ने भागून उरलेली बाकी 10. हा 10 ती उघडपणे कळवते. विनय मनात 5 धरतो, त्याची बाकी येते 20. तोही ती उघड सांगतो. आता सलमा 20 चा तिसरा घात करून 23 ने भागते, बाकी 19. विनय 10 चा पाचवा घात करतो, त्याचीही बाकी 19. हा 19 तारेवरून कधी गेलाच नाही, तरी दोघांकडे आहे.

ऐकणाऱ्याला 10 आणि 20 मिळाले, पण 3 आणि 5 नाहीत. इथे तो सगळे घात तपासून ते शोधेल. पण 23 च्या जागी सहाशेच्या वर अंकांची मूळ संख्या घेतली, की आजच्या संगणकांना ते जमत नाही.

इथपर्यंतची गोष्ट सगळे कौतुकाने सांगतात. माझी तक्रार पुढची आहे. समजा, मध्ये बसलेला तिऱ्हाईत नुसता ऐकत नाही, निरोप बदलतो. तो मनात 7 धरतो आणि दोघांनाही स्वतःचा 17 पाठवतो. सलमाचं गुपित होतं 14, विनयचं 21. तिऱ्हाईताकडे दोन्ही असतात. तो एकीकडून उघडतो, वाचतो, पुन्हा बंद करून पुढे धाडतो. गणित कुठेही चुकलेलं नाही. सलमाने फक्त भलत्याच माणसाशी गुपित ठरवलं.

2011 मध्ये हेच घडलं. किल्ली कुणाची याची ग्वाही देणाऱ्या डिजिनोटार या डच कंपनीत हल्लेखोर शिरले आणि गूगलच्या नावाची खोटी प्रमाणपत्रं निघाली. ती मुख्यतः इराणमधल्या लोकांचं जीमेल चोरून वाचायला वापरली गेली. त्यांच्या ब्राउझरमध्ये कुलपाचं चिन्ह दिसतच होतं.

म्हणून 'तुमचा संवाद सुरक्षित आहे' ही ओळ मला अर्धवट वाटते. व्हॉट्सअॅपमध्ये संपर्काच्या माहितीत 60 अंकी सुरक्षा कोड असतो, तो दोघांच्या सार्वजनिक किल्ल्यांवरून बनतो. मध्ये कुणी बसलं असेल तर दोन्ही फोनवर तो वेगळा दिसेल. समोरासमोर भेटून किंवा ओळखीच्या आवाजात फोनवर तो वाचून जुळवायचा. त्याच चॅटमध्ये पाठवून उपयोग नाही, तिऱ्हाईत तोही बदलू शकतो. कोड बदलल्याची सूचना आली, तर बहुतेकदा समोरच्याने फोन बदललेला किंवा अॅप पुन्हा घातलेलं असतं. तरीही पैशांचं किंवा जिवाचं बोलणं असेल, तर मी आधी फोन करून विचारतो.