चेटकीण शहाणी झाली, पण डाकिणीचे काय?

१/ ऑक्टोबर संपत आला की वाघोलीतल्या नव्या गृहसंकुलांत टोकदार काळ्या टोप्या घातलेल्या चिमुरड्या हॅलोविनचा खाऊ गोळा करत हिंडतात. त्यांना चेटकिणीची भीती वाटत नाही, त्यांना चेटकीण व्हायचे असते. रत्नाकर मतकरींच्या ‘अलबत्या गलबत्या’मधली चेटकीण, जी दिलीप प्रभावळकरांनी आणि २०१८ नंतर वैभव मांगले यांनी रंगवली, निदान मुलांना दचकवून मग हसवत असे. टेरी प्रॅचेटची ग्रॅनी वेदरवॅक्स (१९८७ पासूनच्या कादंबऱ्या) त्याही पुढे जाते. ती गावाचे औषधपाणी करते, अडल्यानडल्याला उभी राहते. आजच्या कल्पित साहित्यातली चेटकीण बहुधा अशी ज्ञानी वैदू असते.

२/ आता आपल्या लोकपरंपरेकडे वळू. हडळ म्हणजे मेलेल्या स्त्रीचे भूत. चेटकीण किंवा डाकीण मात्र जिवंत असते, शेजारच्या घरात राहते, तिला नाव असते. (भयकथांनी या दोघींची एवढी सरमिसळ केली आहे की हा भेद आता मुद्दाम सांगावा लागतो.) भेद महत्त्वाचा आहे, कारण भुताला कोणी मारहाण करू शकत नाही, शेजारणीला करू शकतो.

३/ सातपुड्यात, विशेषतः नंदुरबारच्या अक्कलकुवा-धडगाव पट्ट्यात, डाकीण ठरवण्याची रीत साधारण अशी. घरातले मूल तापाने फणफणते किंवा गाय आटते. दवाखाना दूर असतो, म्हणून माणसे भगताकडे जातात. तो धान्याचे दाणे मांडून पाहतो आणि बोलता बोलता विचारतो: कोणाशी भांडण झाले होते का? कोणी दारावरून रिकाम्या हाताने परत गेले होते का? उत्तरे घरचेच देतात. दाणे अखेरीस जिच्याकडे बोट दाखवतात, ती गावाच्या मनात आधीपासूनच असते: बहुधा एकटी, विधवा, फटकळ, कधी वाट्याला जमीन असलेली. मग दंड, मारहाण, गावाबाहेर घालवणे. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रज अधिकाऱ्यांनी भिल्ल मुलखातल्या ज्या नोंदी केल्या, त्यांत संशयित बाईच्या डोळ्यांवर मिरचीची पट्टी बांधून तिला झाडाला उलटी टांगल्याचे उल्लेख आहेत. खानदेश आणि डांगमधल्या या हिंसेवर इतिहासकार अजय स्कारिया यांनी १९९७ मध्ये लेख लिहिला. जिज्ञासूंनी तो जरूर मिळवून वाचावा.

४/ या साऱ्या प्रकरणात वैदू कोण आहे, ते पाहा. रोग ओळखणारा, मंत्र घालणारा, गावाने मानलेला माणूस म्हणजे भगत. तो आरोपीच्या जागी नसून नाव घेणाऱ्याच्या जागी आहे. डाकीण ठरलेल्या बाईकडे बहुतेक वेळा ना जडीबुटीचे ज्ञान असते ना कसले सामर्थ्य.

५/ मग ‘चेटकिणी म्हणजे मुळात ज्ञानी वैदू स्त्रिया’ ही समजूत आली कुठून? तिचा मोठा प्रसार १९७३ मध्ये बार्बरा एरनराइक आणि डीर्ड्री इंग्लिश यांच्या एका छोट्या पुस्तिकेने केला. युरोपात जाळलेल्या स्त्रिया सुईणी आणि वैदू होत्या, असे तिचे म्हणणे होते. १९९० मध्ये डेव्हिड हार्ली यांनी खटल्यांचे पुरावे तपासले, तेव्हा आरोपींत सुईणी फारच थोड्या निघाल्या. उलट, आरोपी स्त्रीच्या अंगावर ‘सैतानाची खूण’ शोधण्यासाठी सुईणींनाच बोलावले जाई. इंग्लंडच्या खेड्यांतले तोडगेवालेही, आपल्या भगताप्रमाणे, ‘करणी कोणी केली’ हे सांगत. सातपुडा आणि इंग्लंड यांत अंतर प्रचंड, पण वैदूची जागा दोन्हीकडे तीच.

६/ ग्रॅनी वेदरवॅक्स वाचू नये, असा याचा अर्थ नाही. ते उत्तम साहित्य आहे. आक्षेप आहे तो तिच्यावरून इतिहास लिहिण्याला. जुनी कथा म्हणते, तिच्यात वाईट शक्ती आहे. नवी म्हणते, तिच्यात चांगली शक्ती आहे. शक्ती आहे, हे दोघींनाही मान्य. धडगावच्या बाईचा बचाव मात्र एवढाच असतो की आपल्याकडे कसलीच शक्ती नाही, आणि तिची ही बाजू नव्या कथेतही कोणी मांडत नाही.

७/ ती मांडली कायद्याने. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला; काही दिवसांत अध्यादेश निघाला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये जादूटोणाविरोधी कायदा संमत झाला. त्याच्या अनुसूचीतले एक कलम चेटकिणीच्या दंतकथेचा गोषवाराच वाटावे असे आहे: अमुक व्यक्ती करणी करते, मंत्रतंत्राने जनावराचे दूध आटवते, रोगराई पसरवते असे भासवून तिचे जगणे असह्य करणे हा गुन्हा. शिक्षा सहा महिने ते सात वर्षे कैद आणि पाच ते पन्नास हजार रुपये दंड. तिच्यात शक्ती आहे की नाही, हे न्यायालय तपासत बसत नाही; नाव कोणी घेतले, एवढेच विचारते. अडचण पुढे येते: साक्षीदार त्याच गावचे असतात, अनेकदा नात्यातले, आणि तक्रार नोंदवून बाईला परत त्याच पाड्यावर राहायचे असते.