दोन रिंगांत कळणारा फंड

जालन्याच्या सळयांच्या कारखान्यांत ठेकेदारामार्फत कामाला लागलेली मंठ्याकडची पोरं सणाला गावी आली, की पीएफचा विषय हमखास निघतो. पगाराच्या चिठ्ठीवर फंड कापल्याचा आकडा दिसतो. कापलेला पैसा भरला की नाही, हे मात्र कुणालाच ठाऊक नसतं. ठेकेदाराला विचारलं की तो म्हणतो, ‘भरलाय ना, काळजी कशाला करतो?’ कार्यालयात जाऊन विचारायचं तर छत्रपती संभाजीनगर गाठावं लागतं, म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडाली. अशा वेळी साध्या बटणाच्या फोनवरूनही वापरता येईल असं एक साधन हाताशी आहे. कर्मचारी भविष्य निर्वाह निधी संघटनेच्या 9966044425 या नंबरावर मिस्ड कॉल द्यायचा. दोन रिंगा वाजतात, फोन आपोआप कट होतो आणि त्यानंतर एसएमएस येतो. शेवटची भरलेली रक्कम किती आणि खात्यात एकूण शिल्लक किती, हे त्यात लिहिलेलं असतं. याला एक पैसाही लागत नाही.

नंबर माहीत असलेले पुष्कळ सापडतात. पण त्यातले निम्मे म्हणतात, ‘लावून बघितला, काहीच आलं नाही.’ आजचा सगळा लेख त्या ‘काहीच आलं नाही’साठी आहे.

मिस्ड कॉलमध्ये पलीकडे जातं काय, हे आधी पाहू. तुम्ही काही बोलत नाही, बटण दाबत नाही, नावही सांगत नाही. पलीकडच्या यंत्राला फक्त तुमचा मोबाईल नंबर दिसतो. फोन उचलला जात नाही, म्हणून कंपनी पैसे लावत नाही. नंबर मात्र रिंग वाजताच पोचलेला असतो. यंत्र तो नंबर आपल्या नोंदवहीत शोधतं, सापडला तर त्याच्यासमोरची माहिती उचलतं आणि त्याच नंबरावर एसएमएस धाडतं. बँकेची शिल्लक, गॅसची नोंदणी, पीएफ, सगळीकडे हाच प्रकार. 2011 मध्ये राळेगणसिद्धीच्या अण्णांच्या आंदोलनाला लोकांनी मिस्ड कॉल देऊन पाठिंबा कळवला, तेव्हा काम याहून सोपं होतं. आलेले नंबर मोजले की झालं. पीएफच्या बाबतीत तो नंबर कुणाचा, हे यंत्राला आधीपासून माहीत असावं लागतं.

म्हणजे मिस्ड कॉल देण्याच्या कितीतरी आधी तीन गोष्टी झालेल्या हव्यात. पहिली, तुमचा यूएएन चालू केलेला हवा. हा बारा अंकी क्रमांक, नोकरी बदलली तरी तोच राहतो. कारखान्याने तो काढून दिला म्हणजे चालू झाला असं नव्हे. पोर्टलवर किंवा उमंग अ‍ॅपवर तो स्वतः सक्रिय करावा लागतो आणि ते बहुतेकांचं राहून गेलेलं असतं. दुसरी, ज्या फोनवरून तुम्ही मिस्ड कॉल देताय तोच नंबर यूएएनला जोडलेला हवा. तिसरी, आधार, पॅन किंवा बँक खातं यांपैकी निदान एक तरी त्या यूएएनला जोडलेलं हवं. यातली एखादी गोष्ट नसली, तर दोन रिंगा वाजतील, फोन कटही होईल, पण शिलकीचा एसएमएस येणार नाही. तुमच्याकडे कमी काय आहे, हे कुणी सांगायला बसलेलं नाही.

माझ्या मते यातली सगळ्यात दुखरी जागा दुसरी आहे. ठेकेदाराकडे एकदम वीस-पंचवीस माणसं लागतात, तेव्हा त्यांचे फॉर्म एकच कारकून भरतो. प्रत्येकाचा नंबर विचारत बसण्यापेक्षा तो स्वतःचा किंवा मुकादमाचा नंबर टाकून मोकळा होतो. त्यात दर वेळी लबाडीच असते असं नाही, पुष्कळदा नुसता कंटाळा असतो. परिणाम मात्र एकच. तुमच्या फंडाचे संदेश मुकादमाच्या खिशात वाजतात आणि तुमचा मिस्ड कॉल नोंदवहीत सापडत नाही.

दुसरा प्रकार सिमकार्ड बदलण्याचा. ऊसतोडीला किंवा कामाला बाहेर गेलेला माणूस तिकडे नवं सिम घेतो, रिचार्ज न झाल्यानं जुनं बंद पडतं. बंद झालेला नंबर नव्वद दिवस कुणाला देता येत नाही, पण त्यानंतर तो दुसऱ्याच्या हाती जाऊ शकतो. मग तुमच्या पगारातून गेलेल्या पैशाचा हिशेब एखाद्या परक्या माणसाला आयता मिळतो. त्यानं मुद्दाम काही करायची गरज नाही, मिस्ड कॉल दिला की पुरे. म्हणून नंबर बदलला की तो फंडाच्या नोंदीतही त्याच आठवड्यात बदलून घ्यावा. हा बदल आधारच्या पडताळणीवर होतो आणि तिथे ओटीपी आधारला जोडलेल्या मोबाईलवर येतो. तेव्हा आधी आधारवरचा नंबर, मग यूएएनवरचा. उलट क्रमाने गेलात तर सेतू केंद्रावर दोन चकरा ठरलेल्या.

आता समजा हे सगळं जागेवर आहे. एसएमएस आला, तो वाचायचा कसा? एक हिशेब करून पाहू. एका पोराचा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून महिन्याला 12,000 रुपये धरू. त्याच्या पगारातून 12 टक्के कापले जातात, म्हणजे 1,440 रुपये. मालकानेही 12 टक्केच भरायचे असतात, पण ते सगळे फंडात पडत नाहीत. त्यातले 8.33 टक्के, म्हणजे साधारण 1,000 रुपये, निवृत्तिवेतनाच्या खात्यात जातात. उरलेले 440 फंडात येतात. तेव्हा एसएमएसमध्ये शेवटची रक्कम 1,440 आणि 440 मिळून 1,880 च्या आसपास दिसायला हवी. ‘दोघांचे मिळून 2,880 पाहिजेत, हजार कुठे गेले?’ हा प्रश्न ऐकू येतो. ते हजार पेन्शनमध्ये असतात, एसएमएसच्या शिलकीत नाहीत. पण दिसणारी रक्कम 1,880 पेक्षा बरीच कमी असेल, तर ठेकेदाराने कागदावर पगार कमी दाखवला आहे का, हे चिठ्ठी समोर ठेवून बघावं.

रकमेइतकाच मिस्ड कॉलचा दिवसही महत्त्वाचा आहे. एका महिन्याच्या पगारावरचा फंड मालकाने पुढच्या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत भरायचा असतो. पाच तारखेला मिस्ड कॉल देऊन ‘मागच्या महिन्याचं दिसत नाही’ म्हणून भांडण काढू नये. पैसा भरून तो खात्यावर चढायला थोडा वेळ जातो, म्हणून 25 तारखेच्या सुमारास बघावं. त्या दिवशीही शिल्लक मागच्या महिन्याइतकीच असेल तर वहीत लिहून ठेवावं. पुढच्या महिन्यातही तेच दिसलं तर प्रकरण उशिराच्या पुढे गेलं, असं समजायला हरकत नाही. हे सगळे एसएमएस पुसू नयेत. तारीख आणि आकडा असलेला तो एक कागदच आहे, फक्त फोनमध्ये.

काही मोठे कारखाने फंड स्वतःच्या ट्रस्टमध्ये ठेवतात. तिथल्या कामगाराचा हिशेब संघटनेच्या पासबुकात नसतो, त्यामुळे या नंबराचा त्याला उपयोग नाही. त्याने ट्रस्टकडेच विचारायचं.

भाषेचंही एक सांगतो. मिस्ड कॉलबरोबर नंबराखेरीज काही जात नाही, तेव्हा ‘मराठीत उत्तर द्या’ हेही त्यात सांगता येत नाही. मराठी हवी असेल तर मिस्ड कॉलऐवजी एसएमएस करायचा. `EPFOHO UAN MAR` हे जसंच्या तसं इंग्रजी अक्षरांत लिहून 7738299899 वर पाठवायचं. नंबर तोच, यूएएनला जोडलेला लागतो. या एसएमएसचा नेहमीचा खर्च मात्र पडतो. मराठी उत्तरं अशी आडवळणानं का मिळतात, याला एक तांत्रिक कारण आहे. एका एसएमएसमध्ये इंग्रजीची 160 अक्षरं मावतात, देवनागरीची 70. शिवाय काना, वेलांटी, हलन्त यांची मोजणी वेगळी होते. ‘शिल्लक’ हा शब्द आपल्याला तीन अक्षरांचा वाटतो, मोबाईलच्या हिशेबात तो सहा जागा खातो. मजकूर तोच असला तरी मराठीत दोन-तीन एसएमएसचे पैसे मोजावे लागतात. पाठवणारा खर्च वाचवतो आणि वाचणारा शेजारच्या पोराला हाक मारतो.

शेवटी उत्तरात येणाऱ्या लिंकबद्दल. बऱ्याच मिस्ड कॉल सेवांत उत्तरादाखल लिंक येते. पक्षाची सदस्यनोंदणी असो की एखाद्या कंपनीची जाहिरात, मिस्ड कॉल द्यायचा आणि आलेल्या लिंकवर पुढचा फॉर्म भरायचा. पीएफच्या उत्तराला लिंकची गरजच नाही, कारण हवा तो आकडा त्याच एसएमएसमध्ये असतो. तेव्हा ‘तुमचा पीएफ अडकला आहे, खालील लिंकवर आधार भरा’ असा संदेश आला तर ती लिंक दाबू नये, मग संदेश मिस्ड कॉलनंतर लगेच का आलेला असेना. पाठवणाऱ्याचं नाव बघावं. दहा अंकी साध्या मोबाईलवरून आलेला संदेश संघटनेचा नाही. खऱ्या संदेशावर EPFOHO हे नाव असतं आणि 2025 पासून सरकारी संदेशांच्या नावामागे -G लागायला लागलं आहे. दूरसंचार नियामकाने 2024 च्या ऑक्टोबरपासून आधी नोंदवलेल्या लिंकाच एसएमएसमधून जाऊ देण्याचा नियम केला. पण तो कंपन्यांच्या घाऊक संदेशांना लागू आहे. कुणी स्वतःच्या सिमवरून किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेल्या लिंकेला तो अडवत नाही, आणि फसवणारा तोच रस्ता धरतो.

पैसे कापले पण भरले नाहीत, हे दोन महिन्यांच्या एसएमएसवरून दिसलं, तर तक्रार epfigms.gov.in वर करता येते. तिथे यूएएन, पगाराच्या चिठ्ठीचा फोटो आणि कुठल्या महिन्यांचं भरलं नाही, एवढं लागतं. तक्रारीत ठेकेदाराबरोबर कारखान्याचंही नाव लिहावं. ठेकेदाराच्या कामगारांचा फंड भरला जातो की नाही, याची जबाबदारी शेवटी मूळ मालकावर येते आणि ठेकेदाराच्या बिलातून ती रक्कम कापून घ्यायचा अधिकारही त्यालाच आहे. गेटवर ‘तो आमचा माणूस नाही’ असं ऐकवलं जातं. ते ऐकून परत फिरायचं कारण नाही.