आईच्या गळ्यातलं कुणी काढलं?

मागच्या दिवाळीत आईला ऑनलाइन कुर्ता घ्यायचा होता. हल्ली कपड्यांच्या अ‍ॅपवर आपला फोटो टाकला की तो कपडा आपल्या अंगावर घालून दाखवतात. तिने टाकला. केशरी कुर्ता जाऊन निळा आला, बाह्या बसल्या, चुण्यासुद्धा पटण्यासारख्या पडल्या. आईने फोन माझ्यापुढे धरला आणि विचारलं, "माझं मंगळसूत्र कुठे गेलं गं?"

मंगळसूत्र घालावं की घालू नये, या वादात मला इथे शिरायचं नाही. मी स्वतः घालणार नाही. पण आई घालते, आणि काढायचं झालं तर ते तिने काढायचं. तिने कुर्ता बदलून मागितला होता, गळा मोकळा करून मागितला नव्हता. मी वर्षभर याच प्रकारच्या सॉफ्टवेअरवर काम केलं आहे, त्यामुळे हे कसं घडतं ते मला माहीत आहे. आमच्याकडे याला 'एज केस' म्हणत, म्हणजे क्वचित येणारी अडचण. माझं भांडण या शब्दाशी आहे.

आधी पद्धत बघू. प्रथम एक मॉडेल फोटोतल्या प्रत्येक पिक्सेलला नाव देतं: हे केस, हा चेहरा, हा वरचा कपडा. मग वरचा कपडा, हात, गळा यांवर करडा रंग फासतात. याला मास्क म्हणतात. मास्कखाली काय होतं हे पुढच्या मॉडेलला दिसत नाही. ते नवा कुर्ता बघून रिकामी जागा भरतं. गळा मास्कमध्ये घेण्याला कारण आहे. जुना गळा बंद आणि नवा खोल असेल, तर मधली त्वचा नव्याने काढावीच लागते. पण गळा पुसला की गळ्यातलंही पुसलं जातं.

मग गळ्यातलं वेगळं ओळखून का ठेवत नाहीत? कारण त्याला नावच नाही. या क्षेत्रात वर्षानुवर्षं वापरल्या गेलेल्या एलआयपी या संचात वीस नावं आहेत. त्यांत टोपी, हातमोजा, गॉगल, मोजे, स्कार्फ आहेत. पट्टा नाही, टाय नाही, दागिना नाही. एटीआर या दुसऱ्या संचात अठरा नावं आहेत. तिथे पट्टा आणि स्कार्फ आहेत, पण टाय आणि दागिना तिथेही नाहीत. नाव नसलेली वस्तू शेजाऱ्याच्या नावावर जाते. टाय शर्टात मोजला जातो आणि शर्टाबरोबर जातो. पट्टा पँटमध्ये मोजला जातो, आणि मास्कची कड थोडी फुगवायची पद्धत असल्यामुळे शर्ट बदलताना बक्कल अर्धं खाल्लं जातं. ओढणी कधी स्कार्फ ठरते, कधी कुर्ता, कधी अर्धी अर्धी, आणि मग खांद्यावर एक टोक तेवढं उरतं.

आमच्या टीममध्ये यावर ठरलेलं उत्तर होतं: "आकडे चांगले आहेत ना?" आकडे चांगलेच येणार. आईचा फोटो १०२४ बाय ७६८ चा धरा, म्हणजे सुमारे ७ लाख ८६ हजार पिक्सेल. मंगळसूत्राचे दोन पदर आणि वाट्या मिळून फार तर अडीच हजार. हजारात तीन. चित्रभर सरासरी काढणाऱ्या मोजमापात ही चूक दिसतच नाही. आईला मात्र सगळ्यात आधी तीच दिसली.

दुसरं उत्तर असं की मंगळसूत्राची जागा मास्कमधून वगळून टाका. मी हे करून बघितलं आहे आणि ते तेवढ्याने सुटत नाही. आजची बरीच मॉडेलं चित्र थेट हाताळत नाहीत. ती आधी ते आठपट लहान करतात, म्हणजे १०२४ बाय ७६८ चं १२८ बाय ९६ होतं. आईच्या फोटोत एक काळा मणी जेमतेम चार पिक्सेलचा. मूळ चित्रातला आठ बाय आठचा तुकडा मॉडेलसाठी एक घर, म्हणजे एका घरात पदरातले दोन मणी, आणि उरलेली जागा जुन्या केशरी कापडाची. चित्र परत मोठं झालं की मण्यांची काळी रेघ होते, मध्ये तुटते, आणि तिच्या दोन्ही बाजूंना निळ्या कुर्त्यावर केशरी कड दिसते. कुठल्याही अ‍ॅपचा निकाल दुप्पट मोठा करून दागिन्याच्या कडेला बघा. जुन्या कपड्याचा रंग दिसला, तर वगळण्याचा हा जुगाड केला आहे असं समजा.

बरा रस्ता वेळखाऊ आहे, पण अवघड नाही. मंगळसूत्र मूळ फोटोतून पूर्ण आकारात वेगळं काढून बाजूला ठेवायचं. मॉडेलला गळा मोकळाच समजून निळा कुर्ता काढू द्यायचा. मग शेवटी, लहानमोठं करणं संपल्यावर, मूळ पिक्सेल वर ठेवायचे:

```
out = m * jewel + (1 - m) * generated
```

यातला `m` म्हणजे प्रत्येक पिक्सेल किती दागिन्याचा. मण्याच्या मध्यावर तो १ आणि कडेला ०.४ वगैरे. तो फक्त ० किंवा १ ठेवला, तर कड कात्रीने कापल्यासारखी येते. कडेच्या पिक्सेलमध्ये मिसळलेला केशरी रंगही `jewel` मधून आधी काढावा लागतो. शेवटी पदराखाली हलकी सावली द्यायची, नाहीतर मंगळसूत्र कुर्त्यावर चिकटवल्यासारखं दिसतं.

आईचं मंगळसूत्र कुर्त्याच्या वर होतं, म्हणून हे जमलं. प्रत्येक वस्तूला विचारायचा खरा प्रश्न हाच: ती कपड्याच्या वर आहे, कपड्यात अडकली आहे, की आत आहे? ओढणी वर असते, ती उचलून परत ठेवता येते. टाय कॉलरमध्ये अडकलेला असतो. शर्टाच्या जागी दुसरा शर्ट असेल तर टाय ठेवायचा आणि नवी कॉलर त्याच्यावर आणायची. टी-शर्ट असेल तर टाय काढायचा, आणि काढला असं सांगायचं. पट्टा दिसणं शर्ट खोचला आहे की नाही यावर असतं, आणि ते कपड्याच्या फोटोवरून कळत नाही. विचारावं लागतं. साखळी जुन्या कपड्याच्या आत गेली असेल आणि नवा गळा खोल असेल, तर खालच्या भागाचे पिक्सेल आपल्याकडे नाहीतच. तिथे मॉडेल जे पदक काढेल ते कुणाचंच नसेल. मी तिथे दुसरा फोटो मागेन.

"ग्राहकाला एवढे प्रश्न विचारले तर तो निघून जाईल," असं आमच्या लीडचं म्हणणं होतं. ते अगदी खोटं नाही. पण सगळ्यांना सगळं विचारायची गरज नाही. आईला एकही प्रश्न पडला नसता. खोचलेल्या शर्टवाल्याला एक पडेल. आणि न विचारता आम्ही जे करत होतो तोही एक निर्णयच होता. माणसाच्या अंगावर काय राहावं हे आम्ही ठरवत होतो, आणि त्याला तांत्रिक मर्यादा म्हणत होतो. गॉगलला नाव देता आलं, तर मण्यांनाही देता आलं असतं.

आईने तो कुर्ता घेतला नाही. रंग आवडला होता. "पण त्या फोटोत मी नव्हते," म्हणाली.