तोतरेपणा जातो, पण कोणाचा?

‘मोठा झाला की सुटेल’ असे तोतरे बोलणाऱ्या मुलाच्या घरी आजीपासून शेजाऱ्यांपर्यंत सगळेच सांगतात, आणि ते खोटे नाही. दोन ते पाच या वयात सुरू झालेला तोतरेपणा बहुतेक मुलांमध्ये, सुमारे चारपैकी तिघांमध्ये, पुढे नाहीसा होतो. चूक आहे ती त्यावरून निर्धास्त होण्यात, कारण चौथे मूल कोणते हे सुरुवातीला कुणालाच खात्रीने सांगता येत नाही. म्हणून वाट पाहायची तर कान उघडे ठेवून. समजा, पावणेचार वर्षांचा मुलगा ‘मला, मला पाणी दे’ म्हणतो. अख्खा शब्द सहज पुन्हा येणे या वयात नेहमीचे आहे. पण तो ‘म-म-म-मला’ म्हणू लागला, ‘मऽऽला’ असा आवाज ताणू लागला, किंवा ओठ घट्ट मिटून आवाजच फुटेना, तर तो तोतरेपणा. त्यातच काका मोठेपणीही तोतरे बोलत असतील, अडखळणे सहा महिन्यांत ओसरले नसेल, किंवा मुलगा बोलणेच टाळू लागला असेल, तर थांबण्यात अर्थ नाही. मुलींमध्ये तोतरेपणा आपोआप जाण्याची शक्यता मुलांपेक्षा जास्त असते, पण ती हमी नव्हे.

दुसरा सल्ला याच्या उलट टोकाचा: वेखंड चाटवा, जिभेखालचा दोरा कापा, प्रत्येक वेळी ‘नीट बोल’ म्हणून टोका. तोतरेपणाचे मूळ जिभेत नाही, मेंदूने बोलण्याच्या हालचाली जुळवण्यात आहे, आणि त्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. दोरा कापून तो जाणार नाही. आईच्या वागण्यामुळे तो आला, हा आरोपही तितकाच निराधार. विसाव्या शतकात वेंडेल जॉन्सन या अमेरिकी अभ्यासकाने पालकांच्या दोष काढण्यातूनच तोतरेपणा जन्मतो असे मांडले आणि ‘त्याकडे लक्षच देऊ नका’ हा सल्ला रूढ झाला. पण ऑस्ट्रेलियात तयार झालेल्या ‘लिडकोम’ पद्धतीत पालकच मुलाच्या सुरळीत बोलण्याला ‘किती छान बोललास’ अशी दाद देतात आणि क्वचित अडखळण्याचाही शांतपणे उल्लेख करतात. 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या न्यूझीलंडमधील चाचणीत ही पद्धत वापरलेल्या मुलांचा तोतरेपणा उपचार न मिळालेल्या मुलांपेक्षा अधिक घटला. यावर कुणी विचारेल, मग घरीच टोकले तर काय बिघडले? बिघडते ते प्रमाण. त्या पद्धतीत दाद पुष्कळ आणि दुरुस्ती थोडी असते, आणि स्पीच थेरपिस्ट दर आठवड्याला ती तपासतात. ही देखरेख नसेल तर घरात एवढेच करावे: आपलाच वेग कमी करावा, प्रश्नांचा मारा थांबवावा, शब्द मुलाच्या तोंडून काढून घेऊ नये, वाक्य पूर्ण होईपर्यंत त्याच्याकडे पाहत ऐकावे. रोज दहा मिनिटे फक्त त्याच्यासाठी ठेवावीत.

‘शाळेत गेल्यावर पाहू’ म्हणणाऱ्यांनी एक ध्यानात घ्यावे: वय जितके वाढते, तितकी तोतरेपणा पूर्ण जाण्याची शक्यता घटते. थेरपिस्टकडे गेल्यावर ‘काही महिने फक्त लक्ष ठेवा’ असे उत्तर मिळाले, तरी ती फेरी वाया गेलेली नसते. लहान मुलांच्या तोतरेपणाचा अनुभव असलेले तज्ज्ञ शोधा आणि त्यांच्याकडे मूल सहा वर्षांचे होण्याआधी जा.