नवऱ्याचं सट्ट्याचं कर्ज उघडं पडलं? आधी दागिने मोडू नका, आधी खाती वेगळी करा

आज धंदा वाढवण्याबद्दल बोलणार नाही, चालू धंदा वाचवण्याबद्दल बोलणार आहे.

माझ्या बॅचमध्ये एक ताई होत्या. सांगली जिल्ह्यात त्यांचं मॅचिंग सेंटर आहे. शॉप अ‍ॅक्ट, जीएसटी, बँकेची कॅश क्रेडिट, सगळं ताईंच्या नावावर. पण दुकानाचा मोबाईल, चेकबुक आणि बँकेची कामं नवऱ्याकडे, कारण "तू गिऱ्हाईक बघ, मी बँक बघतो" असं ठरलेलं. तुमच्यापैकी किती जणांच्या घरी असंच आहे, मला माहीत आहे.

एक दिवस होलसेलवाल्याचा फोन आला, "ताई, अडतीस हजार अजून आले नाहीत." नवरा म्हणाला होता की पाठवले. ताईंनी बँकेचं स्टेटमेंट काढलं. रात्री अकरा-बारा वाजता अनोळखी माणसांच्या नावावर पाचशे, दोन हजार, पाच हजार असे यूपीआय गेलेले. आयपीएल चालू होती. 2025 साली संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला, तरी एजंटकडून "आयडी" घेऊन क्रिकेटवर पैसे लावणं थांबलेलं नाही. पैसे कुणाच्या तरी वैयक्तिक यूपीआयवर जातात, म्हणून स्टेटमेंटमध्ये सट्टा असं कुठे लिहिलेलं नसतं. रात्रीची वेळ, गोल आकडे आणि रोज बदलणारी नावं दिसली की समजायचं.

घरचं कर्ज सोडून साडेसात लाखांचा खड्डा निघाला. सासरे म्हणाले, "सुनेचे दागिने मोडा, एकदाच सगळं फेडा, पोरगं सुधारेल."

माझं मत स्पष्ट आहे. हा सल्ला प्रेमाचा असला तरी चुकीचा आहे. क्रेडिट कार्डाचे नव्वद हजार भरले की दोन-चार दिवसांत नव्वद हजारांची लिमिट परत मोकळी होते. अ‍ॅपचं कर्ज वेळेत फेडलं की अ‍ॅप त्याहून मोठ्या कर्जाची ऑफर देतं. म्हणजे सट्टा खेळणाऱ्याचं कर्ज एकदम फेडणं म्हणजे त्याच्या हातात नवीन भांडवल देणं. आधी नळ बंद करायचा, मग पाणी उपसायचं.

पहिलं काम: मोबाईल आणि क्यूआर

हे त्याच दिवशी करायचं. तुमच्या नावाचं सिम तुमच्या हातातल्या फोनमध्ये घ्या. आजकाल कर्ज सहीवर नाही, ओटीपीवर मिळतं. ताईंच्या नावावर चाळीस हजारांचं अ‍ॅप कर्ज असंच निघालं होतं. पॅन त्यांचं, ओटीपी दुकानाच्या फोनवर, फोन नवऱ्याच्या खिशात.

मग यूपीआय पिन आणि नेटबँकिंगचा पासवर्ड बदला. बँकेत नोंदवलेला मोबाईल नंबर आणि ईमेल कुणाचा आहे, ते तपासा. यूपीआय अ‍ॅपमध्ये ऑटोपेची यादी उघडा आणि अनोळखी मॅंडेट बंद करा.

आणि काउंटरवरचा क्यूआर कोड बघा. त्याचे पैसे कुठल्या खात्यात जमा होतात? ताईंच्या दुकानाचा क्यूआर नवऱ्याच्या बचत खात्याला जोडलेला होता. दिवसभराचा गल्ला संध्याकाळी थेट त्याच्या खात्यात जायचा. क्यूआर ताईंच्या करंट खात्याला जोडला, आणि सगळ्यात मोठी गळती तिथे थांबली.

दुसरं काम: तीन कप्पे

सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क या चार कंपन्या आपला क्रेडिट रिपोर्ट ठेवतात. प्रत्येकीकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. तुमचा तुम्ही काढा. नवऱ्याचा त्याने स्वतः तुमच्यासमोर काढावा. गुपचूप त्याच्या नावाने काढू नका.

रिपोर्टमध्ये प्रत्येक कर्जापुढे ते एकट्याचं आहे, संयुक्त आहे की जामीनदार म्हणून आहे, ते लिहिलेलं असतं. त्यावरून वहीत तीन कप्पे करा. ताईंच्या वहीत असं दिसलं:

- फक्त ताईंच्या नावावर: कॅश क्रेडिट 2,85,000 (लिमिट 3 लाख) आणि अ‍ॅप कर्ज 40,000.
- दोघांच्या नावावर: घराचं कर्ज, हप्ता 12,500, एक हप्ता चुकलेला.
- फक्त नवऱ्याच्या नावावर: क्रेडिट कार्ड 90,000, अ‍ॅप कर्जं 1,10,000, बुकीची उधारी 1,50,000, गावातल्या सावकाराचे 80,000.

बुकी, सावकार आणि मित्र कुठल्याच रिपोर्टमध्ये दिसत नाहीत. ते विचारावेच लागतात, आणि पहिल्या दिवशी पूर्ण आकडा कधीच बाहेर येत नाही. म्हणून वहीत खाली जागा मोकळी ठेवा.

हे कप्पे का महत्त्वाचे? लग्न झालं म्हणून नवऱ्याचं कर्ज आपोआप बायकोचं होत नाही. तुम्ही सहकर्जदार किंवा जामीनदार म्हणून सही केली असेल, तरच बँक तुमच्याकडे येते. (गोव्यात लग्नानंतरची मालमत्ता साधारणपणे समाईक धरतात, तिथल्यांनी वकिलाला विचारूनच पुढे जावं.)

तिसरं काम: बँकेत लेखी अर्ज

तोंडी सांगितलेलं बँकेत टिकत नाही. अर्ज द्या आणि शिक्का मारलेली पोच घ्या.

संयुक्त बचत खातं बहुतेक "दोघांपैकी कुणीही" पद्धतीचं असतं. म्हणजे तो एकटाच सगळं काढू शकतो. एका खातेदाराने लेखी हरकत दिली की बँक साधारणपणे एकट्याच्या सहीवरचे व्यवहार थांबवते आणि दोघांच्या सह्या मागते. पण अर्ज देण्याआधी बघा, त्या खात्यातून घराचा हप्ता जातो का? जात असेल तर आधी हप्ता दुसऱ्या खात्याला जोडा, नाहीतर हप्ता चुकेल आणि फटका तुम्हालाच बसेल.

तुमचं नवीन खातं फक्त तुमच्या नावावर उघडा. ज्या बँकेत त्याचं कर्ज किंवा कार्ड थकलंय ती बँक टाळा, उगाच गुंतागुंत नको. संयुक्त खात्यातली सगळी रक्कम रात्रीत उचलायचं मात्र टाळा. तुमच्या कमाईचा भाग घ्या, हिशोब लिहून ठेवा. पुढे वाद झाला तर हाच हिशोब उपयोगी पडतो.

कॅश क्रेडिट खात्यावर नवऱ्याला सहीचा अधिकार दिला असेल तर तो रद्द करा. तुमच्या कार्डावर त्याला अ‍ॅड-ऑन कार्ड असेल तर बंद करा, कारण त्याचं बिल मुख्य कार्डधारकाचं, म्हणजे तुमचं.

आता चेकबुक. पानं मोजा. ताईंनी "माल घ्यायला लागतात" म्हणून सह्या करून ठेवलेले दोन कोरे चेक सावकाराकडे गेले होते. स्टॉप पेमेंट दिलंच, पण तेवढ्यावर निर्धास्त राहू नका. स्टॉप पेमेंटमुळे परत गेलेल्या चेकवरही कलम 138 ची केस होऊ शकते. नोटीस आली तर पैसे द्यायला 15 दिवसांची मुदत असते, त्या आत वकिलाकडे जा. नोटीस ड्रॉवरमध्ये टाकून देणं ही सगळ्यात महाग चूक आहे.

चौथं काम: संयुक्त कर्ज आधी सांभाळा

घराचा हप्ता चुकला की दोघांच्याही रिपोर्टमध्ये किती दिवस थकला ते उमटतं. 90 दिवसांच्या वर गेला की खातं एनपीए होतं. मग पुढच्या दिवाळीला माल भरायला लिमिट वाढवून मागाल, तेव्हा बँक तुमचाच रिपोर्ट बघेल. "माझं नाव काढा" असा नुसता अर्ज देऊन सहकर्जदाराचं नाव निघत नाही, बँकेची मंजुरी लागते. म्हणून हातात येणारा पहिला पैसा घराच्या हप्त्याला, दुसरा कॅश क्रेडिटच्या व्याजाला. घरावर टॉप-अप किंवा "सगळी कर्जं एकत्र करू" म्हणून तुमच्या नावावर नवीन कर्ज, दोन्हींना नाही म्हणा.

ताईंच्या नावावरचं अ‍ॅप कर्ज हा अवघड प्रश्न होता. मी घेतलं नाही, अशी लेखी तक्रार कंपनीकडे आणि क्रेडिट रिपोर्टवाल्यांकडे करता येते. 30 दिवसांत उत्तर नाही आलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. पण कंपनी पोलीस तक्रार मागू शकते, आणि ती नवऱ्यावर होते. ताईंनी फेडायचं ठरवलं. तो त्यांचा निर्णय. पण फेडताना "सेटलमेंट" केली नाही, कारण "सेटल्ड" हा शेरा रिपोर्टमध्ये डाग म्हणून राहतो. पूर्ण भरलं आणि एनओसी घेतली.

पाचवं काम: त्याचं कर्ज त्याचंच

त्याच्या कप्प्यातलं त्याने त्याच्या पगारातून फेडायचं, आणि प्रत्येक फेडीबरोबर दार बंद करायचं. कार्ड भरलं की कार्ड बंदचा अर्ज, अ‍ॅप फेडलं की खातं बंद.

बुकीची उधारी कोर्टातून वसूल होत नाही. 1872 च्या करार कायद्याचं कलम 30 सांगतं की पैजेचा करार रद्दबातल आहे. म्हणून बुकी धमकी देतो. धमकी आली की मेसेज जपून ठेवा आणि पोलिसांत जा. परवाना नसलेल्या सावकाराची तक्रार सहकार खात्याच्या निबंधक कार्यालयात होते. वसुली एजंटला सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर फोन करायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे, नातेवाइकांना त्रास द्यायलाही.

एक गोष्ट पैशाची नाही, पण सांगते. सगळं उघडं पडल्यावर माणूस खचतो. जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा आली तर वही बाजूला ठेवा, त्याला एकटं सोडू नका आणि टेली-मानसच्या 14416 वर फोन करा. सट्ट्याच्या सवयीवरही तिथे बोलता येतं. आणि तो तुमच्यावर हात उचलत असेल तर 181 वर फोन करा, हिशोब नंतर. तुमचे दागिने स्त्रीधन आहेत, त्यावर हक्क फक्त तुमचा.

ताईंचं पुढे काय झालं? चौदा महिन्यांत कॅश क्रेडिट 1,60,000 वर आली, घराचा एकही हप्ता परत चुकला नाही, दागिने कपाटातच आहेत. नवरा पुढच्या सीझनला एकदा घसरला. सहा हजार घालवले. पण ते त्याच्या पगारातले होते, आणि दुकानातला एक रुपयाही गेला नाही. दागिने मोडून सगळं फेडलं असतं, तर ही घसरण पुन्हा लाखात गेली असती.

आज दुकान बंद करताना एवढंच करा. काउंटरवरच्या क्यूआरवर स्वतःच्या फोनवरून एक रुपया पाठवा आणि तो कुणाच्या खात्यात पडतो ते बघा.