रात्रीचा मोबाईल आणि बळेबळेचा काळोख

मैत्रिणींनो, आम्ही शनिशिंगणापूरची माणसं. आमच्या चौकटीला दार नाही, नुसता पडदा. रात्री शाळेचं काम करायला मोबाईल उघडला की पांढऱ्या पानाचा उजेड थेट सासूबाईंच्या खाटेवर! फोनला डार्क थीम लावली, पण हजेरीचं अॅप काही काळं होईना. त्यात ती सोयच नव्हती.

माझ्या फोनमध्ये डार्क मोडच्या पानावर अॅपची यादी आहे. तीत हजेरीच्या अॅपपुढचं बटण चालू केलं, अॅप पूर्ण बंद करून पुन्हा उघडलं, आणि पान काळं! सगळ्याच फोनांत अशी यादी नसते. ती नसेल तर About phone मध्ये Build number वर सात वेळा टिचकी मारायची. मग Developer options उघडतं, त्यात Override force-dark असतं. मात्र ते एका अॅपपुरतं नाही, सगळ्यांनाच लागू होतं. शिवाय काही बँकांची अॅप्स Developer options चालू दिसलं की उघडतच नाहीत.

मी खूश झाले. पण दुसऱ्या दिवशी सकाळीच एक पालक ओट्यावर हजर. "बाई, पोरगं काल वर्गात होतं ना? मग गैरहजर असल्याचा निरोप कसा आला?"

झालं होतं असं. अॅपमध्ये हजर म्हणजे फिकट हिरवा गोल, गैरहजर म्हणजे फिकट गुलाबी. फोनला त्या रंगांचा अर्थ ठाऊक नसतो. फिकट दिसेल ते गडद करायचं आणि काळी अक्षरं उजळ करायची, एवढंच तो जाणतो. त्यामुळे दोन्ही गोल जवळजवळ काळेच झाले. चुकून एका नावावर बोट पडलं, ते दिसलंच नाही! चित्रांना तर तो बहुधा हात लावत नाही. म्हणून पारदर्शक कागदावर काढल्यासारखी काळी चिन्हं काळ्या पानात बुडतात. 'जतन करा'चं चिन्ह मी असंच चाचपडत शोधत होते. बोटानं केलेली सहीसुद्धा अशीच गडप होऊ शकते.

बिघाड कशाचा, हे ओळखणं सोपं आहे. त्या अॅपपुढचं बटण बंद करा, अॅप नीट बंद करून परत उघडा. हरवलेलं परत दिसलं की दोष काळोखाचाच. भरलेली माहिती बदलत नाही, फक्त दिसणं बदलतं. पण न दिसल्यामुळे आपण जे चुकीचं भरतो ते मात्र तसंच जातं, हे मला त्या पालकांपुढे उभं राहून कळलं.

आता वाचायच्या अॅपना मी काळोख ठेवलाय. हजेरी, पैसे आणि अर्ज भरायची अॅप्स पांढरीच. आणि हजेरी? ती स्वयंपाकघरात, भिंतीकडे तोंड करून भरते. सासूबाई म्हणतात, "कोपऱ्यात बसवलेल्या पोरासारखी दिसतेस गं!"